हॉटेलच्या खोलीसाठी फॅन कॉइल: निवड कमी वेगावरची

फॅन कॉइल युनिट हे मुळात साधे यंत्र आहे. एक पंखा, थंड पाणी वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्यांची कॉइल, कॉइलखाली पाणी झेलणारा ड्रेन पॅन आणि धूळ अडवणारा फिल्टर, एवढेच त्याचे मुख्य भाग. मोठ्या हॉटेलात चिलरने साधारण ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीपर्यंत येते, तिथली उष्णता घेते आणि सुमारे १२ अंशांवर परत जाते. खोलीत हे युनिट बहुधा दारापाशी, बाथरूमलगतच्या छोट्या पॅसेजवर, फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेले असते. पॅसेजच्या छतातल्या जाळीतून ते खोलीची हवा ओढते, थंड करते आणि पलंगाच्या दिशेने असलेल्या लांबट ग्रिलमधून बाहेर सोडते. ताजी हवा बहुतेक ठिकाणी वेगळ्या यंत्रणेतून, आधीच थंड आणि कोरडी करून, खोलीत आणली जाते.

यंत्र साधे असले तरी त्याची निवड अनेकदा चुकते, आणि चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला आकडा हा पंख्याच्या सर्वांत जास्त वेगावरच्या एकूण क्षमतेचा असतो. खोलीत झोपलेल्या माणसाला मात्र पंखा सर्वांत कमी वेगावर हवा असतो. या दोन टोकांमध्ये पडलेले अंतर निवड करताना मोजले गेले नाही, तर खोली पुरेशी थंड होत नाही किंवा आवाज झोपू देत नाही. त्यावर उपाय म्हणून वाट्टेल तेवढे मोठे युनिट बसवले, तर खोली थंड होऊनही दमट राहते.

उष्णतेचे दोन हिस्से इथे वेगळे समजून घ्यावे लागतात. हवेचे तापमान खाली आणण्यासाठी जी उष्णता काढावी लागते, तिला वातानुकूलनाच्या धंद्यात सेन्सिबल म्हणतात. थर्मामीटरवर दिसते ती हीच. हवेतल्या बाष्पाचे पाणी करताना जी उष्णता निघते ती लेटंट. ती थर्मामीटरवर दिसत नाही, ड्रेन पॅनमध्ये पाण्याच्या रूपाने दिसते. एकूण क्षमता म्हणजे या दोहोंची बेरीज. हॉटेलच्या खोलीत ऊन, भिंती, दिवे, टीव्ही, मिनीबार यांची उष्णता सगळी सेन्सिबल असते. लेटंट भार येतो तो माणसांच्या श्वासातून आणि घामातून, आंघोळीच्या वाफेतून आणि बाहेरून शिरणाऱ्या दमट हवेतून. ताजी हवा आधीच कोरडी करून दिली जात असेल, तर फॅन कॉइलपुढचे मुख्य काम सेन्सिबलचेच उरते. त्यामुळे एकूण क्षमतेचा आकडा पुरेसा दिसला तरी त्यातला सेन्सिबल हिस्सा पुरेसा आहे की नाही, हे वेगळे तपासावेच लागते.

मुंबईतली पश्चिमेकडे तोंड असलेली एक खोली उदाहरणासाठी घेऊ. खोलीचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. समुद्राकडे ३ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे ६.६ चौरस मीटरची दुहेरी काच, आणि ती उन्हाची साधारण २७ टक्केच उष्णता आत सोडणारी, चांगल्या प्रतीची. दुपारी चारच्या सुमारास अशा काचेवर दर चौरस मीटरला ५६० वॉट ऊन पडते असे धरले, तर काचेतून आत येणारी उष्णता सुमारे १,००० वॉट होते. बाहेर ३४ आणि आत २४ अंश असताना काचेतून वहनाने येणारी उष्णता १८५ वॉटच्या आसपास, भिंतीतून आणखी ६०. दोन माणसांचे सेन्सिबल १४०, आणि दिवे, टीव्ही, मिनीबार मिळून ३५०. बेरीज १,७३५; सोयीसाठी १,७५० वॉट.

हीच खोली रात्री दोन वाजता पाहिली तर चित्र पालटलेले असते. ऊन नाही, दिवे बंद. काच आणि भिंती मिळून पावणेदोनशे वॉट, झोपलेली दोन माणसे सव्वाशेच्या आत, मिनीबार आणि टीव्हीचा स्टँडबाय मिळून साठ-सत्तर. सगळे मिळून ४०० वॉटही होत नाहीत. दुपारचा भार रात्रीच्या चौपटीहून अधिक आहे आणि युनिट एकच आहे. निवडीतली सारी ओढाताण या दोन आकड्यांमध्ये आहे.

आता कॅटलॉगकडे वळू. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. आपल्या खोलीचा सेन्सिबल भार अर्ध्या टनाचा आहे, तेव्हा १ टनाचे युनिट दुपटीने पुरेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण ३.५ किलोवॉट ही एकूण क्षमता आहे. अशा युनिटची सेन्सिबल क्षमता साधारण २.६ किलोवॉट भरते. ही पहिली वजावट.

दुसरी वजावट खोलीच्या तापमानाची. युरोपातल्या प्रमाणित चाचणीत कॉइलवर येणारी हवा २७ अंशांची, ओल्या थर्मामीटरवर १९ अंशांची असते; अमेरिकन चाचणीतले तापमानही जवळपास तेवढेच. हॉटेलातला पाहुणा २४ अंशांची खोली मागतो. ७ अंशांचे पाणी आणि २७ अंशांची हवा यांत २० अंशांचे अंतर आहे, २४ अंशांच्या हवेशी ते १७ उरते. सेन्सिबल क्षमता ढोबळमानाने याच प्रमाणात उतरते, म्हणून २.६ चे २.२ किलोवॉट होतात. वीज वाचवण्यासाठी चिलरचे पाणी ७ ऐवजी १० अंशांवर चालवले, तर अंतर १४ अंशांवर येते आणि क्षमतेचा आणखी जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. म्हणून पाण्याचे तापमान निवडीच्या कागदावर लिहून ठेवायचे असते, आणि पुढे इमारत चालवणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवे.

तिसरी वजावट डक्टची. पुष्कळ कॅटलॉगांतला हवेचा आकडा युनिटपुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. छोटा डक्ट, ग्रिल आणि फिल्टर जोडले की हवा कमी होते. दहाव्या हिश्शाची घट धरली तर क्षमता २ किलोवॉटवर येते. जुना, धूळ धरलेला फिल्टर असेल तर घट याहूनही मोठी.

चौथी आणि सर्वांत मोठी वजावट वेगाची. तीन वेगांच्या साध्या मोटरवर कमी वेगाला हवा साधारण ५५ टक्के राहते. क्षमता मात्र तितकी खाली जात नाही. हवा सावकाश जात असल्याने ती कॉइलला जास्त वेळ लागून राहते आणि अधिक थंड होऊन बाहेर पडते. त्यामुळे हवा ५५ टक्के झाली तरी सेन्सिबल क्षमता ६० ते ६५ टक्के टिकते. ६२ टक्के धरले तर १ टनाच्या युनिटचे कमी वेगावरचे खरे सेन्सिबल उरते १.२ किलोवॉटच्या थोडे वर. मधल्या वेगावर ते १.७ किलोवॉटपर्यंत जाते, म्हणजे दुपारच्या भाराला किंचित अपुरेच. अशा खोलीत सूर्य मावळेपर्यंत पंखा जास्त वेगावरच चालणार.

हाच हिशेब दीड टनाच्या, ६०० सीएफएम हवेच्या युनिटला लावला, तर एकूण ५.३ किलोवॉटचे सेन्सिबल ३.९, खोलीच्या तापमानाला ३.३, डक्टनंतर ३.० आणि कमी वेगावर १.८५ किलोवॉट होते. १,७५० वॉटचा दुपारचा भार हे युनिट कमी वेगावरच पेलते. हिशेब जुळतो की नाही याची एक सोपी पडताळणी आहे. कमी वेगावर डक्टसह हवा सुमारे ३०० सीएफएम, म्हणजे सेकंदाला ०.१४ घनमीटर. तेवढ्या हवेतून १.८५ किलोवॉट काढायचे तर ती ११ अंशांनी थंड व्हायला हवी. २४ अंशांची हवा १३ अंशांवर बाहेर पडेल. ७ अंशांच्या पाण्यावर हे शक्य आहे. पडताळणीत ८ किंवा ९ अंश आले असते, तर कॅटलॉगमधला कुठला तरी आकडा चुकीचा वाचला गेला असे समजावे.

कमी वेगावर दुपारचा भार पेलणे ही अट कडक वाटेल. दुपारी चारला खोली रिकामी असते, मग मधला वेग का चालू नये, असा प्रश्न सल्लागारांच्या बैठकीत हमखास निघतो. जिथे पाहुणे दिवसभर कामानिमित्त बाहेर असतात अशा शहरी हॉटेलात मधल्या वेगावरची निवड चालूनही जाते. पण समुद्रकिनाऱ्यावर पाहुणा जेवून दुपारीच झोपतो, आणि पश्चिमेची भिंत दुपारी घेतलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते. अशा खोलीला कमी वेगाची अट लावणेच योग्य. जास्त वेग राखून ठेवावा तो पाहुणा बाहेरून आल्यावर, २८ अंशांवर ठेवलेली रिकामी खोली पंधरा-वीस मिनिटांत खाली आणण्यासाठी. तेवढा वेळ आवाजाची कोणी तक्रार करत नाही.

आवाजाच्या आकड्यांतही कॅटलॉगचा तसाच फसवा तोंडवळा असतो. डेसिबलचे दोन वेगळे आकडे छापलेले आढळतात. एक ध्वनिशक्तीचा, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज निर्माण करते त्याचा. दुसरा ध्वनिदाबाचा, म्हणजे ठरावीक अंतरावर कानाला किती पोहोचतो त्याचा. ध्वनिदाबाचा आकडा किती अंतरावरचा आणि कसल्या खोलीतला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की दाब ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे १ मीटरऐवजी २ मीटरवर मोजून तेच युनिट कागदावर ६ डेसिबलने शांत दाखवता येते. तुलना करायची तर ध्वनिशक्तीच मागावी.

गालिचा, पडदे आणि गादी असलेल्या खोलीत छतातल्या युनिटपासून उशीपर्यंत येताना ध्वनिशक्तीच्या आकड्यातून ढोबळमानाने ८ डेसिबल वजा होतात असे धरू. फरशी आणि काचच जास्त असलेल्या खोलीत वजावट कमी. पाहुण्यांच्या खोलीसाठी अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेची मार्गदर्शक मर्यादा एनसी ३० अशी आहे. एनसी हे वेगवेगळ्या स्वरांच्या आवाजाला एका वक्ररेषेखाली ठेवण्याचे माप आहे; पंख्याच्या आवाजाला एनसी ३० म्हणजे साधारण ३५ ते ३७ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती, ती याहून कडक आहे.

समजा दीड टनाच्या युनिटची कमी वेगावरची ध्वनिशक्ती ४३ डेसिबल छापली आहे. उशीवर ३५ पोहोचतात. एनसी ३० च्या काठावर, पण आत. १ टनाच्या युनिटची जास्त वेगावरची ध्वनिशक्ती ५४ असेल तर उशीवर ४६ होतात. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा लहान युनिट घेऊन वाचवलेले पैसे दुपटीहून मोठ्या आवाजाच्या रूपाने पाहुण्याच्या डोक्यावर येतात. उलट टोकाचे २ टनाचे युनिट पाहिले तर त्याचा पंखा मोठा. कमी वेगावरही ४६ डेसिबल ध्वनिशक्ती असेल तर उशीवर ३८ येतात आणि मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे मोठे युनिट घेतले की शांतता आपोआप मिळते हेही खरे नाही.

वेग आणि आवाजाचे नाते विलक्षण तीव्र आहे. पंख्याचा वेग ५५ टक्क्यांवर आणला की आवाज सुमारे १३ डेसिबलने उतरतो. तीन ठरावीक वेगांऐवजी हवा तो वेग देणारी ईसी मोटर असेल, तर रात्री वेग ४० टक्क्यांपर्यंत खाली नेता येतो आणि आणखी ७ डेसिबल वजा होतात. ३५ चे २८ होतात, आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्याही आत. तेवढ्या वेगावर उरलेली सव्वा-दीड किलोवॉटची क्षमता रात्रीच्या ४०० वॉटला तिपटीने पुरते. या मोटरची जादा किंमत सहसा विजेच्या बचतीवर समजावली जाते, पण हॉटेलच्या खोलीत तिची खरी किंमत या सात डेसिबलमध्ये आहे.

हे सगळे आकडे युनिट उघड्यावर असतानाचे. छतात बसवल्यावर काय होते तो निराळा भाग. आवाज पुढच्या ग्रिलमधूनच येतो अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो जास्त येतो मागच्या, हवा ओढणाऱ्या जाळीतून, कारण त्या बाजूला डक्टच नसतो आणि पंखा जाळीच्या थेट वर बसलेला असतो. परतीची जाळी पंख्याच्या अगदी खाली न ठेवता थोडी बाजूला घेतली आणि मधल्या पोकळीला आतून आवाज शोषणारे अस्तर लावले, तर स्वस्तात बरेच साधते. पुढच्या ग्रिलला मोकळी जागा पुरेशी हवी. १ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर उंच ग्रिलची सत्तर टक्के जागा मोकळी असेल, तर आपल्या युनिटची कमी वेगावरची हवा सेकंदाला १.३ मीटर वेगाने बाहेर पडते आणि ग्रिल शांत राहते. इंटिरियर डिझायनरला पातळ चीर आवडली म्हणून तीच जागा अर्धी केली, तर वेग दुप्पट होतो आणि युनिट कितीही चांगले असले तरी ग्रिल फुसफुसू लागते. युनिट छताच्या स्लॅबला रबरी किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगावे आणि डक्टशी कॅनव्हासच्या तुकड्याने जोडावे, नाहीतर मोटरची घरघर स्लॅबमधून वरच्या खोलीत उतरते.

आवाजाबाबत आणखी एक गोष्ट मोजमापातून सुटते. झोपलेल्या माणसाला सलग, एकसारखा आवाज फारसा छळत नाही. तो उलट पॅसेजमधली पावले आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही झाकतो. झोप मोडते ती आवाज बदलल्याने. थर्मोस्टॅट दर दहा मिनिटांनी पंखा बंद-चालू करत असेल, तर सरासरी डेसिबल कमी असूनही पाहुणा वैतागतो. पंखा रात्रभर मंद वेगाने सलग फिरत राहावा हे उत्तम. पण इथे आवाजाची मागणी आणि दमटपणाचा प्रश्न एकमेकांसमोर उभे राहतात.

पंखा चालू ठेवून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला, की ओल्या कॉइलवरचे पाणी त्याच हवेत पुन्हा मिसळते. ते आधी हवेतून काढलेले पाणी असते. व्हॉल्व्ह थोडाच वेळ उघडत असेल तर पॅनमध्ये थेंब पोहोचण्याआधीच कॉइल पुन्हा वाळते आणि दमटपणा जिथल्या तिथे राहतो. दीड टनाच्या युनिटवर रात्री ४०० वॉटचा भार असला, तर कमी वेगावरही व्हॉल्व्ह पाचातला जेमतेम एक भाग वेळ उघडा राहतो. २ टनाच्या युनिटवर तो सहातला एक भागच. खोली २२ अंशांवर आहे, तरी चादर ओलसर लागते, कपाटात कुबट वास येतो. अशा तक्रारीवर पाहुणा तापमान आणखी खाली करतो आणि त्याने भिंती व काच अधिक थंड होऊन दव धरू लागते. युनिट गरजेपेक्षा मोठे नको, यामागचे खरे कारण हे आहे.

पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद व्हॉल्व्हऐवजी हळूहळू उघडणारा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह बसवला तर तापमान स्थिर राहते, पंखा सलग चालतो. पण पाणी कमी वाहू लागले की कॉइल कोमट होते आणि बाष्प धरणे थांबवते. म्हणून शेवटी दमटपणाचा भार फॅन कॉइलवर टाकूच नये. तो ताज्या हवेच्या यंत्रणेने उचलावा. ती हवा १२-१३ अंशांपर्यंत थंड करून तिचे पाणी आधीच काढलेले असले, आणि बाथरूमचा एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो त्याहून थोडी अधिक हवा खोलीत येत असली, तर बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जात नाही. सेकंदाला १५ लिटर बाहेर जात असेल तर २० लिटर आत यावी. उलटे झाले, की मुंबईच्या पावसाळ्यात कुठलेच फॅन कॉइल ती खोली कोरडी ठेवू शकत नाही.

तरीही कॉइलवर पाणी जमतेच, आणि इथून ड्रेनेजचा विषय सुरू होतो. १ किलोवॉट लेटंट उष्णता काढली की तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी पॅनमध्ये येते. दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत हे प्रमाण बरेच कमी असते. पण पावसाळ्यात पाहुण्याने बाल्कनीचे दार उघडे ठेवले आणि ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा सेकंदाला ५० लिटर आत शिरली, तर तेवढ्यानेच तासाला दोन लिटरहून अधिक बाष्प आत येते. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, म्हणून १३ अंशांच्या हवेची ग्रिल थंड पाण्याच्या पेल्यासारखी बाहेरून घामते आणि गालिच्यावर ठिपके पडतात. बाल्कनीच्या दाराला संपर्क-स्विच लावून दार उघडताच पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणे हा त्यावरचा भरवशाचा इलाज आहे. ही तक्रार आली की बरेच जण ड्रेन पाइप तपासत बसतात. पाणी ग्रिलच्या कडेवरून पडते की युनिटच्या तळातून, एवढे पाहिले तरी कारण वेगळे करता येते.

युनिटच्या तळातून पाणी येत असेल तर संशय उताराचा. ड्रेन पाइपला निदान १:१०० उतार लागतो, म्हणजे दर मीटरला १ सेंटिमीटर. जागा असेल तर १:५० बरा. बाथरूमच्या शाफ्टपर्यंत ४ मीटर पाइप असेल तर १:१०० ने ४ सेंटिमीटर उंची खर्च होते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण फॉल्स सीलिंगची उंची सेंटिमीटरवर भांडून ठरवली जाते आणि हा उतार रेखाचित्रात न दाखवल्यास शेवटी पाइप सपाट किंवा उलट्या उताराचा बसतो. म्हणून युनिटची जाडी निवडतानाच ड्रेनची उंची तिच्यात मिळवायची. पाइपचा व्यास २५ मिलिमीटरहून कमी नसावा. पाणी थोडे असले तरी पॅनमध्ये धूळ आणि ओल यांचा बुळबुळीत चिकट थर धरतो आणि बारीक पाइप त्यानेच तुंबतो. पंपाने पाणी वर उचलण्याचा पर्याय टाळता येईल तितका टाळावा. रात्री पंपाची गुरगुर ऐकू येते आणि तो बंद पडला की पाणी छतातच उतरते.

युनिटमध्ये पंखा कॉइलच्या आधी आहे की नंतर, यावर ट्रॅप ठरतो. पंखा कॉइलनंतर असेल तर पॅनवर ओढ असते आणि ड्रेन पाइपमधून हवा उलट आत येऊन पाणी अडवून धरते. मग यू-आकाराचा ट्रॅप हवाच. खोलीच्या युनिटमधली ओढ काही मिलिमीटर पाण्याइतकीच असते, तेव्हा ५० मिलिमीटर खोल ट्रॅप सुरक्षित ठरतो. ट्रॅपचे दुसरे काम वास अडवण्याचे. पण खोली आठवडाभर रिकामी राहिली किंवा हिवाळ्यात पाणी जमलेच नाही, तर ट्रॅप वाळतो आणि पाइप थेट सांडपाण्याच्या नळीला जोडला असेल तर तिचा वास खोलीत पसरतो. म्हणून ड्रेनचे पाणी फ्लोअर ट्रॅपवर, मध्ये हवेची मोकळी जागा ठेवून सोडावे. अनेक मजल्यांचे ड्रेन एकाच उभ्या पाइपला जोडले असतील, तर तो वर हवेला उघडा हवा आणि खाली साफ करण्याची जागा हवी. तळाशी तुंबले की वरच्या सगळ्या खोल्यांचे पाणी सर्वांत खालच्या मजल्यावरच्या पॅनमधून वर येते, आणि तक्रार आलेल्या खोलीत मात्र काहीच बिघाड सापडत नाही.

पॅनची लांबी हाही निवडीचा भाग आहे. कॉइलखालचा पॅन बहुतेक युनिटांत असतोच, पण थंड पाण्याचे व्हॉल्व्ह आणि गाळणी कॉइलच्या बाजूला असतात आणि इन्सुलेशनच्या फटींतून तेही घामतात. पॅन त्यांच्याखालीही पसरलेला हवा. ड्रेन पाइपलाही सुरुवातीचे काही मीटर इन्सुलेशन लागते, कारण त्यातले पाणी खोलीच्या दवबिंदूच्या आसपास किंवा त्याखाली असते आणि नळी बाहेरून ओली होते. पॅनमध्ये छोटा फ्लोट स्विच बसवून पाणी वर येताच व्हॉल्व्ह बंद करता येतो. एका छताच्या दुरुस्तीच्या खर्चापुढे त्याची किंमत नगण्य आहे.

हॉटेलच्या बांधकामात बाकीच्या खोल्यांआधी एक नमुना खोली पूर्ण करण्याची पद्धत आहे, आणि कागदावरचा हिशेब तपासण्याची ती एकमेव स्वस्त जागा. पडदे, गादी आणि गालिचा लावून, पॅसेज शांत असताना, उशीच्या जागी तिन्ही वेगांवर आवाज मोजावा. आधी युनिट बंद ठेवून मोजलेला आकडा हाती असला म्हणजे बाहेरचा आवाज युनिटच्या माथी बसत नाही. ग्रिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग आणि तापमान यांवरून कमी वेगावरचे सेन्सिबल काढता येते, आणि ते १.८५ किलोवॉटपासून किती दूर आहे ते लगेच कळते. आपल्या उदाहरणात कमी वेगावर हवा २५० सीएफएमच आली, तर दोष बहुधा ग्रिलचा किंवा चेपलेल्या लवचीक डक्टचा असतो, युनिट बदलण्याआधी तो शोधावा. ड्रेनची तपासणी छत बंद करण्याआधी प्रत्येक खोलीत करावी लागते, नमुना खोलीत करून भागत नाही. पंखा चालू ठेवून पॅनमध्ये दोन लिटर पाणी ओतायचे आणि ते काही मिनिटांत निघून जाते का ते पाहायचे. पंखा बंद असताना वाहणारे पाणी पंखा सुरू होताच थांबले, तर ट्रॅप नाही किंवा कोरडा आहे. शेवटी फिल्टर आणि पॅनपर्यंत हात पोहोचेल असे ट्रॅप डोअर, साधारण ६० सेंटिमीटर चौरस, छतात ठेवलेले आहे ना हे बघावे. ते नसेल तर पॅन कधीच धुतला जात नाही, आणि दोन पावसाळ्यांत ड्रेनचे तोंड बुजते.